एका मिनिटाची ओळख : परदेशात पहिल्या दिवशी ‘आपले’ सांगायचे की नाही?

गेल्या काही महिन्यांत परदेशी शिष्यवृत्ती मिळालेल्या तीन-चार मुलामुलींचे फोन आले. व्हिसा, विमानातले सामान, थंडीचे कपडे हे सगळे विचारून झाले की प्रत्येकाने शेवटी जरा अडखळत एकच विचारले, "ताई, तिथं पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर ओळख करून द्यावी लागते म्हणे. आपलं सांगायचं की नाही?" ‘आपलं’ म्हणजे काय हे मला विचारावे लागले नाही. पण उत्तर मात्र मी प्रत्येकाला वेगळे आणि अर्धवट दिले. म्हणून माझी स्वतःची ती ओळख कशी झाली आणि त्यात काय फसले, ते एकदा नीट लिहून काढते.

मी तेहतीस वर्षांची असताना सामाजिक धोरण या विषयात एक वर्षाची पदव्युत्तर पदवी करायला इंग्लंडला गेले. त्याआधी समाजशास्त्रात एम.ए. झाले होते आणि आठ वर्षे बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायांसोबत काम केले होते. ओरिएंटेशनच्या चार दिवस आधी विभागाकडून ईमेल आला. प्रत्येकाने एका मिनिटात चार गोष्टी सांगायच्या : नाव, देश, याआधी काय करत होतात, आणि स्वतःबद्दल एक ‘इंटरेस्टिंग’ गोष्ट.

ही चौथी गोष्टच सगळा घोळ करते. इतरांसाठी ती गंमत असते. कुणी सांगतो मला पोहता येत नाही, कुणी सांगते माझ्याकडे तीन मांजरी आहेत. मी कागद घेऊन बसले तेव्हा माझ्या आयुष्यातली जी गोष्ट मला इथपर्यंत घेऊन आली, तीच गोष्ट सांगू की नको या प्रश्नावर अडकले. मांजर माझ्याकडे नव्हते.

पहिला मसुदा मी तासाभरात लिहिला. मी भारतातून आले, महाराष्ट्रातून, ज्याची राजधानी मुंबई, जिथे हिंदी सिनेमा बनतो. मी ग्रामीण महिलांसोबत काम केले. मला स्वयंपाक आवडतो. वाचून पाहिले तेव्हा एकही वाक्य खोटे नव्हते आणि तरी ती मी नव्हते. त्या बाईला कुणीही भारतीय म्हणून ओळखले असते आणि कुणालाच काही कळले नसते. मग रागाने दुसरा मसुदा लिहिला. त्यात चार वर्ण आले, मनुस्मृती आली, १९२७ चा महाडचा सत्याग्रह आला, राज्यघटनेचे कलम १७ आले. मोबाईलवर वेळ लावून वाचला तर साडेचार मिनिटे. ते भाषण झाले होते. आपल्या माणसांना हा दुसरा मसुदा फार जवळचा वाटतो, कारण आपण जयंतीच्या मंचावर असेच बोलतो. पण मंचासमोरच्या माणसाला पहिले वाक्य ठाऊक असते. त्या खोलीत ते कुणालाच ठाऊक नसणार होते.

याच अडचणीतून बाबासाहेब दोन वेळा गेलेले आहेत, हे मला त्या रात्री आठवले. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. समोर बसलेल्यांना जात म्हणजे काय हे माहीत नव्हते. पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी त्यांना जातीचे यंत्र उघडून दाखवले : आपापसातच लग्न लावण्याची सक्ती हा तिचा कणा आहे, आणि स्त्रीवरची बंधने त्यातूनच येतात. पण त्या निबंधात ते स्वतः कुठेच नाहीत. हे वाचणारा तरुण कोणत्या जातीत जन्मला, हे निबंधावरून कळत नाही.

जवळपास वीस वर्षांनंतर त्यांनी पुन्हा परदेशी वाचकासाठीच लिहिले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे ते छोटेसे टिपण, इंग्रजी लेखन आणि भाषणांच्या बाराव्या खंडात आहे. या वेळी त्यांनी व्याख्या बाजूला ठेवली. परदेशी माणसाला अस्पृश्यता आहे हे ऐकून माहीत असते, पण ती अंगावर कशी येते हे कळत नाही. ते कळवायचे असेल तर वर्णनापेक्षा प्रसंग सांगितलेले बरे, असे ठरवून त्यांनी एकेक प्रसंग लिहिला. आणि त्यातले दोन मोठे प्रसंग स्वतःची ओळख करून देण्याचेच आहेत. हे माझ्या आधी कधी लक्षातच आले नव्हते.

पहिला प्रसंग १९०१ मधला. नऊ वर्षांचे भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघालेले, मसूर स्टेशनवर उतरून थांबलेले. अंगावर चांगले कपडे. स्टेशनमास्तर त्यांना ब्राह्मणांची मुले समजून आपुलकीने चौकशी करतो, तुम्ही कोण म्हणून विचारतो, आणि हा मुलगा क्षणाचाही विचार न करता सांगून टाकतो की आम्ही महार. मास्तरचा चेहरा बदलतो. पुढे बैलगाडीवाले नाही म्हणतात, दुप्पट भाडे घेऊन एकजण तयार होतो पण गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. रात्री टोलनाक्यावर पाणी मागताना तोच मुलगा, गाडीवानाने शिकवल्याप्रमाणे, आम्ही मुसलमान आहोत असे सांगतो. तरी पाणी मिळत नाही. एका दिवसात एक खरी ओळख आणि एक खोटी, आणि दोन्हींचा उपयोग शून्य.

दुसरा प्रसंग परदेशातून परतल्यावरचा, बडोद्याचा. राहायला जागा नाही म्हणून पारशी नावाने पारशी धर्मशाळेत राहणे, अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेली माणसे, आणि सामान घेऊन बाहेर पडणे. या प्रसंगाच्या सुरुवातीला ते जे सांगतात ते परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मुलाने वाचावे : युरोप-अमेरिकेतल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. पुसली गेली, कारण तिकडे समोरच्या माणसाला ती दिसतच नव्हती.

आज मात्र त्या खोलीत फक्त तिकडची माणसे नसतात. १९१३ च्या कोलंबियात भारतीय विद्यार्थी मोजके होते. माझ्या वर्गात सव्वीसजण, त्यात आम्ही सहा भारतीय. म्हणजे माझे श्रोते दोन प्रकारचे होते. वीसजणांना माझ्याकडे पाहून काहीच कळणार नव्हते, आणि पाचजण शोधणार होते. अर्व्हिंग गॉफमन यांचे कलंकावरचे १९६३ चे पुस्तक एम.ए.ला सगळ्यांनी वाचलेले असते. त्यात ते फरक करतात : काहींचा कलंक दिसतोच, त्यांना समोरच्याची अस्वस्थता सांभाळावी लागते, काहींचा दिसत नाही, त्यांना माहिती सांभाळावी लागते, म्हणजे कुणाला, कधी, किती कळू द्यायचे याची चौकीदारी करावी लागते. परदेशात आपण दुसऱ्या प्रकारात जातो. माझे आडनाव ‘कर’ लागलेले, गावावरून पडलेले. दिल्लीच्या माणसाला त्यावरून काही समजत नाही. मराठी माणसाला निम्मे समजते, मग तो विचारतो, "मूळ गाव कुठलं?"

ही चौकीदारी मी तालुक्याच्या गावी केलेली होती, आणि तिचा थकवा मला माहीत होता. एकदा लपवले की रोज लपवावे लागते. भिंतीवर फोटो कुणाचा, १४ एप्रिलला कुठे गेली होतीस, शाकाहारी का, सगळ्याची तयारी ठेवावी लागते. आणि मग ते कळतेच, फक्त ते दुसऱ्याच्या तोंडून, स्वयंपाकघरात, हळू आवाजात कळते. मी तिसरा मसुदा लिहिताना ठरवले ते एवढेच : पाचजणांना जे कळायचे ते पहिल्या शब्दात, माझ्या तोंडून कळेल. उरलेले पंचावन्न सेकंद वीसजणांसाठी.

म्हणून उभी राहिले आणि पहिला शब्द म्हणाले, "जयभीम." वीसजणांना तो आमच्याकडचा नमस्कार वाटला, आणि तो आहेच. पाचजणांपैकी एकीने मान खाली करून मोबाईल पाहिला, एकाने हसून मान हलवली. बाकीच्यांचे चेहरे मी पाहिले नाहीत, पाय लटपटत होते. मग नाव सांगितले, बीडच्या ऊसतोडीबद्दल दोन वाक्ये सांगितली : नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल नवऱ्याच्या हातात मिळते, त्या बाईच्या कामाची वेगळी नोंद व्हावी म्हणून मी काम केले. चौथी गोष्ट म्हणून एक प्रसंग सांगितला. पहिल्या नोकरीसाठी मी तालुक्याला खोली शोधत होते. घरमालकीणबाईंनी चहा टाकला आणि चार प्रश्न विचारले. नाव काय? गाव कोणते? गावात घर कुठल्या बाजूला? आणि मग, "म्हणजे तुम्ही कोण?" चौथ्या उत्तरानंतर खोली आधीच दुसऱ्या कुणाला दिलेली निघाली. चहा उकळत होता, तो आलाच नाही. "याला जात म्हणतात, तिचे धोरण शिकायला मी इथे आले आहे आणि मी बौद्ध आहे," असे म्हणून बसले.

इथपर्यंत आपल्या माणसांना आवडेल. आता काय फसले ते.

पहिले, ‘बौद्ध’ हा शब्द. दुपारच्या जेवणाला श्रीलंकेची एक मुलगी शेजारी आली. जाफनाची, तमीळ. ती सौम्यपणे म्हणाली की प्रसंग ऐकताना ती माझ्यासोबत होती, शेवटच्या शब्दाला दूर गेली. तिच्या गावाकडे आधी सैन्याची छावणी येते आणि मग तिथे बुद्धाची मूर्ती बसते. तिच्या देशाच्या राज्यघटनेत १९७२ पासून बौद्ध धर्माला अग्रस्थान आहे. तिने बुद्ध हा सत्तेचा चेहरा म्हणून पाहिलेला. मी चक्रावले. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती म्हणजे ज्यांना देवळात जाता येत नव्हते त्यांची मूर्ती. मला आधी तिचा रागच आला; आमच्या धम्माला ही कोण बोलणारी, असे मनात आले, हे कबूल करते. पण ती खोटे बोलत नव्हती. एक शब्द एका देशात सुटकेचा असतो आणि दुसऱ्या देशात दाराशी उभ्या असलेल्या शिपायाचा, आणि अनेक देशांच्या खोलीत आपला शब्द समोरचा त्याच्या देशातल्या अर्थाने ऐकतो. मी तिला १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा सांगितली. आमचे आजोबा नागपूरला गेले नव्हते, भाड्याला पैसे नव्हते. पुढच्या वर्षी गावातच त्यांनी दीक्षा घेतली आणि मेलेली गुरे ओढणे बंद केले. ती म्हणाली, "मग हेच सांग ना. तू धर्म सांगितलास, कारण सांगितलं नाहीस."

तिचे बरोबर होते. ‘मी बौद्ध आहे’ हे वाक्य अपुरे आहे. ‘जातीतून बाहेर पडण्यासाठी माझे आजोबा १९५७ मध्ये बौद्ध झाले’ हे वाक्य पुरते, आणि ते पाच सेकंदांत होते.

दुसरी गोष्ट फसली असे नाही, पण माझा अंदाज चुकला. मला वाटले होते की जात बाहेरच्यांना समजावावी लागेल. संध्याकाळी नायजेरियाचा एक इग्बो मुलगा ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर भेटला आणि इकडेतिकडे बघून म्हणाला, आमच्याकडेही असे आहे. त्यांना ‘ओसू’ म्हणतात. पूर्वी देवाला वाहिलेल्या माणसांचे वंशज; कायद्याने १९५६ मध्येच ती प्रथा बंद झाली, तरी लग्न ठरताना घरचे आजही चौकशी करतात. मी विचारले, तू ओसू आहेस का? तो म्हणाला नाही, पण माझ्या भावाचे लग्न यावरून मोडले. मला त्याचे कौतुक वाटले, आणि एक प्रश्नही पडला : त्याने हे वर्गात का नाही सांगितले? त्याच्या वर्गात दुसरा नायजेरियन होता म्हणून. त्याचेही श्रोते दोन प्रकारचे होते. (काळ्या-गोऱ्याची तुलना मी मुद्दाम टाळली होती. ती चटकन कळते, पण मग ऐकणारा तुमच्या कातडीकडे बघून शोधू लागतो आणि त्याला फरक दिसत नाही, म्हणून तो म्हणतो, असेल काहीतरी जुने. ‘लग्नाची चौकशी’ म्हटले की जगात बहुतेकांना कळते. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये नेमका तोच धागा धरला होता.)

तिसरी गोष्ट जास्त महागात पडली. भारतातून निघण्याआधीच मी दोन भारतीय मुलींसोबत विद्यापीठापासून वीस मिनिटांवर एका घरात राहायचे ठरवले होते. त्या माझ्याच वर्गातल्या होत्या. व्हॉट्सअ‍ॅपवर महिनाभर आम्ही प्रेशर कुकर कुणी आणायचा यावर हसत होतो. ओरिएंटेशननंतर दुसऱ्या दिवशी एकीचा मेसेज आला, की घरमालकाने तिसरी खोली दुसऱ्या कुणाला दिली, सॉरी. मी ‘ओके’ लिहिले. नंतर सहज पाहिले तर त्या खोलीची जाहिरात तशीच होती. तीन आठवडे होती.

मला हे सिद्ध करता येत नाही. कदाचित घरमालक खरेच आधी दुसऱ्याला हो म्हणाला असेल आणि ते नंतर फिसकटले असेल. जातीचा भेदभाव ओळखण्याची हीच अडचण आहे : तो ‘नाही’ म्हणत नाही, तो ‘खोली गेली’ म्हणतो. मी सल्लागारांकडे गेले. बाई खूप चांगल्या होत्या, त्यांनी पुरावा विचारला, माझ्याकडे एक मेसेज आणि एक जाहिरात होती. तिथल्या कायद्याची स्थितीही तशीच लटकलेली. २०१० च्या समानता कायद्यात वंश या सदरात रंग, राष्ट्रीयत्व आणि वांशिक मूळ येते. २०१३ मध्ये संसदेने जातीचा समावेश करण्याचे बंधन सरकारवर घातले, आणि २०१८ मध्ये सरकारने जाहीर केले की वेगळा उल्लेख करणार नाही, न्यायालयांच्या निकालांवर भिस्त ठेवू. म्हणजे प्रत्येक तक्रारदाराने आधी आपली जात ‘वांशिक मुळात’ कशी बसते हे पटवायचे, मग तक्रार. मी तक्रार केली नाही. विद्यापीठाच्या वसतिगृहात खोली घेतली, आठवड्याला सुमारे ४० पौंड जास्त देऊन, आणि शिष्यवृत्तीच्या पैशातून ते वर्षभर कापत राहिले.

म्हणून मला फोन करणाऱ्या मुलांना मी ‘छाती ठोकून सांगा’ असे म्हणत नाही. ज्यांच्या खोलीचा करार अजून झालेला नाही, त्यांनी तो आधी करावा, स्वतःच्या नावाने करावा, आणि मग बोलावे. यात भित्रेपणा काही नाही. बडोद्यात बाबासाहेबांकडे संस्थानाची नोकरी होती, परदेशी पदवी होती. नव्हते ते फक्त डोक्यावर छप्पर, आणि त्यावरूनच ते परत फिरले. न सांगणाऱ्यालाही मी कमी समजत नाही. ज्याचा गाइड त्याच गावचा, त्याच जातवाल्यांच्या वर्तुळातला आहे, त्याचा हिशेब वेगळा असतो. पण ‘तिकडे जात नसते, मग कशाला’ म्हणून गप्प बसणाऱ्याशी माझे भांडण आहे. ती तिकडे आमच्याबरोबर त्याच विमानाने जाते.

हसून मान हलवणारा तो मुलगा नंतर भेटला. विदर्भातला निघाला, ओबीसी घरातला. म्हणाला, "ताई, तुम्ही बोललात म्हणून माझी वेळ आली तेव्हा मी आमचं गाव, वडिलांचा व्यवसाय, सगळं सांगितलं. नाहीतर मी पण सिनेमाच सांगणार होतो." आम्ही दोघांनी डिसेंबरमध्ये लंडनला प्रिमरोझ हिलजवळच्या १०, किंग हेन्रीज रोडवर जाऊन ते घर पाहिले, जिथे बाबासाहेब शिकत असताना राहिले होते आणि जे २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतले. बाहेर थंडी मी म्हणत होती. आम्ही दारात चपला काढाव्यात की बूट तसेच ठेवावेत यावर बराच वेळ उभे होतो.

दुसऱ्या सत्रात नवा विषय, नवा वर्ग, पुन्हा ओळख. तेव्हा मी जे बोलले ते खाली देते. इंग्रजीत बोलले होते, अर्थ हाच. ज्याला हवे त्याने यातले आपले घालून घ्यावे, माझे गाव आणि माझी खोली काढून.

"जयभीम. आमच्याकडे आम्ही असे भेटतो. माझे नाव तुम्हाला उच्चारता आले नाही तर विचारा, मी तुमचे विचारीन. मी पश्चिम भारतातल्या बीड नावाच्या जिल्ह्यात ऊस तोडणाऱ्या बायांसोबत आठ वर्षे काम केले. तिथे नवरा-बायको मिळून एक मजूर मोजतात. माझ्या देशात कोण कुणाशी लग्न करेल आणि कोण कुणाला खोली देईल हे जन्मावर ठरते. मला एकदा खोली मिळाली नाही, चहा उकळत असतानाच. त्यातून बाहेर पडण्यासाठी माझे आजोबा १९५७ मध्ये बौद्ध झाले. तुमच्या देशात खोली देताना काय विचारतात, हे मला वर्षभरात प्रत्येकाकडून ऐकायचे आहे."

मोबाईलवर वेळ लावून पाहिली होती. बावन्न सेकंद.